मदत हवी आहे: हळदीच्या चार्टवर तीन ऑसिलेटर एकदम 'ओव्हरबॉट', तरी भाव वरच

बसमतचा_हळद्या: नमस्कार मंडळी, मी हळदीच्या वायद्यात डेली चार्ट बघून दोन-चार दिवसांचे सौदे करायलो. त्या दिवशी हाय १४,८००, लो १४,५००, बंद १४,६५० आणि १४ दिवसांचा तळ १३,३००. विल्यम्स %R उणे १०, स्टोकॅस्टिक ८० च्या वर, सीसीआय २००, तिघंबी ओव्हरबॉट म्हणायलेत म्हणून बिनधास्त शॉर्ट केलं अन् दुसऱ्या दिवशी स्टॉपलॉस उडाला. तीन साक्षीदार एकाच वेळी कसे काय चुकले?

परभणी_चार्ट: सगळे एकच हायेत भाऊ. किमतीवरूनच निघतात ना, सीसीआय असो का आरएसआय, नुसती स्केल वेगळी. एकच ठेवा, बाकीचे काढून टाका.

शेतकरी_औंढा: माझ्या घरात ४० क्विंटल हळद पडून आहे, मग आता विकू का थांबू?

जुना_वायदेवाला: औंढ्याच्या भाऊ, घरातल्या मालाचा निर्णय १४ दिवसांच्या रेषेवर घेऊ नका, ते गणित वेगळं आहे.

परभणीकर, तुमचं अर्धं बरोबर. %R आणि कच्चा स्टोकॅस्टिक खरंच एकच. रेंज १,५००, बंद तळापासून १,३५० वर म्हणजे स्टोकॅस्टिक ९०, आणि माथ्यापासून १५० खाली म्हणजे %R उणे १०. ९० मधून १०० वजा केले की झालं. चार्टवर वेगळं दिसतं कारण स्टोकॅस्टिकला ३ दिवसांची स्मूदिंग लावलेली असते. म्हणजे बसमतकरांचे साक्षीदार तीन नव्हते, दोनच होते.

आरएसआय हाय-लो बघतच नाही, रोजच्या बंद भावातली चढ-उतार मोजतो. आणि सीसीआय सरासरीपासूनचं अंतर आधीच्या हालचालीच्या मापात मोजतो. तुमची २० दिवसांची सरासरी १३,९०० आणि सरासरी विचलन २५० असेल तर १४,६५० मधून १३,९०० गेले ७५०, भागिले २५० गुणिले ०.०१५ म्हणजे ३.७५, म्हणून २००. तेच विचलन ५०० असतं तर सीसीआय १०० च आला असता, अन् %R मात्र हललाच नसता. म्हणजे २०० चा अर्थ एवढाच की शांत पडलेला बाजार अचानक उठला, आणि असा बाजार बऱ्याचदा पुढंच पळतो. १९८० मध्ये लॅम्बर्टनं सीसीआय मांडला तेव्हा +१०० च्या वर गेलं की खरेदी, परत खाली आलं की बाहेर, असाच वापर सांगितला होता.

परभणी_चार्ट: पण मी तर +१०० वरून खाली आलं की शॉर्ट करतो, आडव्या बाजारात चालतंय की.

जुना_वायदेवाला: आडव्या बाजारात चालेल. पण बाजार आडवा आहे हे त्या दिवशी कशावरून ठरवता ते सांगा.

बसमतचा_हळद्या: आत्ताच स्मूदिंग १ करून, दोन्हीला १४ दिवस टाकून बघितलं, रेषा तंतोतंत सारख्या! स्टोकॅस्टिक काढलं. आता एकच सांगा, हळदीला लागोपाठ वरचं सर्किट लागलं की बंद भाव हायवरच असतो, %R शून्याला चिकटून बसतो, तेव्हा नुसत्या सीसीआयवर विसंबायचं का? त्यावेळी त्याचा आकडा पण रोज उतरत जाताना दिसायलाय, भाव वर जात असतानाच.