प्रतिसाद : स्टीलच्या सिंकवरचे चरे

"व्हिनेगरने पांढरे डाग गेले, पण बारीक चरे आता जास्तच उठून दिसतात."

क्षारांचा थर निघाल्यावर खालचे चरे दिसणारच; मात्र ते घालवायला सिंक गोल गोल घासावे, हा या चर्चेत कुणीतरी दिलेला सल्ला मला पटत नाही. बहुतेक मॅट सिंकना कारखान्यातच एका दिशेने बारीक रेषांचे फिनिश दिलेले असते. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला की ती दिशा लगेच कळते आणि तिला आडवा गेलेला प्रत्येक घासा चरा म्हणूनच चमकतो. म्हणून खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून दाट लेप करावा आणि मऊ ओल्या फडक्याने फक्त रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने चोळावे. तरीही चरा डोळ्यांत भरत असेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे अगदी बारीक पॉलिशिंग पॅड त्याच दिशेने फिरवावे, आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहून. चरा यामुळे नाहीसा होत नाही, आजूबाजूच्या रेषांत मिसळतो; नख अडकेल इतका खोल असेल, तर तो राहणारच. आरशासारख्या चकचकीत सिंकवर हे पॅड मुळीच वापरू नये.

घोडबंदर रोडला आमच्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी येते, त्यामुळे पाणी सुकले की डाग पुन्हा उमटतात. रात्री सिंक फडक्याने कोरडे करणे हाच त्यावर खरा उपाय आहे. टॉयलेट क्लीनरमधील ॲसिडने मात्र पत्र्याला बारीक खड्डे पडतात, आणि ते कशानेही भरून निघत नाहीत.