पत्रातली ‘गरज पडल्यास’ ही ओळ

> “सातपूरला कंपनीत आहे. साहेबांनी पहिली पाळी मंजूर केली, पण पत्रात ‘गरज पडल्यास रात्री यावे लागेल’ असं घातलंय. सही करू का?”

करा, पण आधी ती ओळ बदलून घ्या. या ‘गरजे’ला ना शेंडा ना बुडखा. साहेबांना असं सुचवा: ‘१ जून ते ३१ ऑगस्ट पहिली पाळी, सकाळी ७ ते दुपारी ३.३०. बदली माणूस न मिळाल्यास महिन्यात जास्तीत जास्त दोन रात्री, आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवून.’ मुदत संपल्यावर जुनी पाळी आपोआप लागणार की नवा अर्ज द्यायचा, हेही त्यातच येऊ द्या.

खरी गोम पुढे आहे. रात्रपाळी सकाळी ७ ला सुटली, तर तुमची पहिली पाळी ७ लाच सुरू! रात्र केल्यावर त्या दिवशीची पहिली पाळी माफ, हे लिहून घ्या. नाहीतर खाडा लागेल. त्याला जोडून साप्ताहिक सुट्टी आली, तर ती रात्रपाळी सुटल्यापासून सलग २४ तासांची धरतात.

आणि पत्राची प्रत टाइम ऑफिसला पोचली का ते स्वतः बघा. तिथे जुनीच पाळी राहिली, तर पंचिंग करूनही हजेरीचा घोळ होतो आणि तो पगाराच्या दिवशीच कळतो.