उत्तर: जुन्या मस्टरमधली हजेरी एक्सेलमध्ये उतरवताना

>> मस्टरच्या उजव्या टोकाची बेरीज जुळते, तरी तारखा चुकतात. असं कसं?

कारण घर सरकलं तरी बेरीज बदलत नाही. आमच्या भोसरीच्या वर्कशॉपचं ऑगस्ट २०२३ चं मस्टर उतरवताना हेच झालं. १५ तारखेचा सुट्टीचा रकाना कोरा होता, टाइप करणाऱ्याने तो सोडलाच. मग १६ पासूनची प्रत्येक खूण एक घर डावीकडे गेली. एका ओळीत 'ह' २४ होते, ते २४ च राहिले, म्हणून

```
=COUNTIF(C5:AG5,"ह")
```

हे सूत्र काहीच बोललं नाही.

चूक सापडली ती रविवारमुळे. त्या महिन्यात रविवार ६, १३, २० आणि २७ ला होते. त्या ओळीत २० खाली 'ह' होता आणि १९ कोरा! म्हणून आधी तारखांखाली वार लिहा, रविवारचे रकाने रंगवा, मगच खुणा भरायला घ्या. रंगीत पट्ट्यात खूण दिसली की तिथून डावीकडे शोधत जायचं. (कोणी खरंच रविवारी आलं असेल तर शेजारचे रकाने बघा, एकाच ओळीत पुढचे सगळे रविवार बिघडले असतील तर घर सरकलंय.)

कोरं घर कोरं ठेवू नका, '-' टाका. न वाचता येणाऱ्या खुणेला '?'. अंदाजाने 'गै' लिहिलंत तर कुणाचा तरी पगार कापला जाईल. आणि कागदावर ओळीखाली फूटपट्टी ठेवा, नावं नाही तर खालीवर होतात.