अनुभव धागा: रक्कम ठरली, वर्ष ठरलं, मग दरमहा किती?

सोनचाफा
एसआयपी सुरू करताना आपण बहुतेक जण खिशाला झेपेल तो आकडा धरतो आणि पुढे त्याचे किती होतील ते बघतो. इथे उलट्या बाजूने गेलेल्यांचे अनुभव हवेत. सुरुवात मीच करते.

मुलगी सहा वर्षांची आहे. अभियांत्रिकीच्या चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस मिळून आजचा खर्च १५ लाख धरला. तो वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला तर बारा वर्षांनी ३७ लाख ७७ हजार होतो. परतावा १० टक्के धरून एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=PMT(10%/12,144,0,-3777000,1)
```

उत्तर आलं १३,५५०. सूत्राच्या शेवटी जो १ आहे, तो हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातो म्हणून. नवऱ्याचं म्हणणं, परतावा १२ टक्के धर, म्हणजे हप्ता आवाक्यात येईल. तुम्ही काय धरलंत, आणि ते पुढे टिकलं का?

हिशेबी
विमा क्षेत्रात सगळी नोकरी आकडेमोडीतच झाली, म्हणून आधी सूत्राबद्दल. फंडाचा १० टक्के परतावा म्हणजे वर्षाअखेर शंभराचे एकशे दहा. १० ला १२ ने भागून महिन्याचा दर काढला की वर्षाचे साडेदहाच्या जवळ जातात, आणि हप्ता कमी दिसतो. दर असा लिहा:

```
=PMT((1+10%)^(1/12)-1,144,0,-3777000,1)
```

आता १३,९७० च्या आसपास येईल. फरक चारशे रुपयांचा, फार नाही, पण चुकतो तो नेहमी आपल्याला आवडणाऱ्या दिशेनेच.

नवऱ्याच्या १२ टक्क्यांबद्दल: त्याने हप्ता १२,२६० वर येतो, खरं आहे. पण प्रत्यक्षात १० च मिळाले तर हातात ३३ लाख येतील आणि साडेचार लाखांवर कमी पडतील. परतावा आधी ठरवायचा, हप्ता मागून येतो. घरात बोलणी उलट क्रमाने होतात.

मिरजकर
एवढं करायची गरज नाही. परतावा १०, महागाई ८, म्हणजे निव्वळ २ टक्के. १५ लाख आजचेच ठेवा, २ टक्क्यांनी हप्ता काढा. ९,२२० येतो. मी हेच करून चार वर्षं निवांत आहे.

हिशेबी
मिरजकर, पद्धत जवळपास बरोबर आहे, पण तो हप्ता आजच्या रुपयांत आला आहे. म्हणजे तोही दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायला हवा. तुम्ही वाढवताय का? ९,२२० बारा वर्षं तसाच ठेवला तर २५ लाखांच्या आत राहाल, लागणार आहेत पावणेअडतीस.

वर्षातून एकदाच हप्ता वाढवायचा असेल तर सुरुवात साधारण ९,६३५ ने करावी लागते आणि बाराव्या वर्षी तो साडेबावीस हजारांच्या जवळ जातो. पगार तसा वाढणार असेल तर ही वाट चांगलीच आहे.

मिरजकर
वाढवत नाही. पण बाजार १५ टक्के देतोय की सध्या. बघू.

आनंदयात्री_६१
मी दरमहा ३,००० टाकतो, सात वर्षं झाली. त्याचे किती होतील हे कुणी सांगेल का? निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत.

सोनचाफा
काका, हा धागा बरोबर उलट्या प्रश्नाचा आहे :) तुम्हाला किती लागणार ते आधी सांगा, मग कुणीतरी नक्की आकडे काढून देईल.

घारापुरी
मुलगी आहे तर सुकन्या समृद्धी का नाही? जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के व्याज, सरकारी हमी, कर नाही. मी डोळे झाकून तेच केलं.

हिशेबी
चांगली योजना आहे, पण सोनचाफांना पैसे अठराव्या वर्षी हवेत. त्या वेळी शिक्षणासाठी मागच्या वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्मेच काढता येतात. पूर्ण मुदत खातं उघडल्यापासून २१ वर्षांची. शिवाय वर्षाला दीड लाखाची मर्यादा, म्हणजे महिना १२,५००. त्यामुळे एक भाग तिथे ठेवता येईल, सगळं उद्दिष्ट तिथे बसणार नाही.

रानजाई
आमच्या मुलाचं बारावीचं वर्ष २०२० होतं. त्या जानेवारीत निफ्टी १२,३०० च्या पुढे होता, २३ मार्चला ७,६१० वर. आम्ही २०१७ पासून दर तिमाहीला थोडे युनिट विकून पैसे एफडीत नेत होतो, म्हणून ऑगस्टमध्ये फी भरताना बाजाराकडे बघावं लागलं नाही. शेजारच्यांनी सगळं इक्विटीतच ठेवलं होतं, त्यांनी शैक्षणिक कर्ज काढलं. बाजार पुढे सावरला आणि त्यांचं नुकसान झालं नाही, हेही सांगायला हवं. पण ते कुणाला माहीत होतं?

या सुरक्षिततेला हप्त्यात किंमत मोजावी लागते, ती कुणी धरत नाही. सोनचाफांचंच गणित घ्या. नऊ वर्षं १० टक्के, आणि सगळी रक्कम शेवटची तीन वर्षं ७ टक्क्यांवर. हप्ता १५,१०० च्या जवळ जातो.

सोनचाफा
हे मी धरलंच नव्हतं. आणि कर?

रानजाई
इक्विटीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के, वर्षाला सव्वा लाखापर्यंत माफ. तीन-चार आर्थिक वर्षांत थोडं थोडं विकलं तर ती माफी तेवढ्या वेळा मिळते. एकदम विकलं तर तुमच्या आकड्यांत दोन लाखांच्या आसपास कर बसेल.

बागाईतदार_निफाड
आमची द्राक्षं. पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल, नंतर वर्षभर जातोच. महिन्याचा हप्ता आम्हाला काय कामाचा? मी वर्षाच्या सुरुवातीला एकदाच भरतो. वर लिहिलेल्याच उद्दिष्टाला वार्षिक रक्कम १ लाख ६० हजार येते, महिन्याच्या बारा हप्त्यांपेक्षा सात हजारांनी कमी, कारण पैसे आधी कामाला लागतात.

अवकाळीने बाग गेली त्या वर्षी काहीच भरलं नाही. पुढच्या वर्षी जुना आकडा चालू ठेवणं म्हणजे स्वतःला फसवणं. म्हणून दर एप्रिलला नवं गणित: आज खात्यात किती, वर्षं किती उरली, फी आता किती झाली. जमलेली रक्कम सूत्रात तिसऱ्या जागी जाते. तिथे उणे चिन्ह लावलं तर शेवटची रक्कम अधिक हवी:

```
=PMT((1+10%)^(1/12)-1,144,-300000,3777000,1)
```

तीन लाख आधीच असतील तर महिना १०,४९० येतो. एक्सेल त्यालाही उणे लावतं, ते पैसे खिशातून जातात म्हणून. दोन्ही रकमांना एकच चिन्ह दिलं तर १७,४५० च्या वर दाखवतं. जमा असून हप्ता वाढला की समजायचं, चिन्ह चुकलं.

घारापुरी
८ टक्के फीवाढ हा आकडा आला कुठून पण? आमच्या भाचीच्या कॉलेजात तीन वर्षं फी हललीच नाही.

बागाईतदार_निफाड
आणि आमच्या पुतण्याच्या वेळी एकाच वर्षात लाखाने वाढली. म्हणूनच म्हणतो, दरवर्षी कॉलेजची चालू फी बघून वरचा आकडाच बदलायचा. ८ काय आणि ६ काय, पहिल्या वर्षी अंदाजच असतो.

सोनचाफा
मग आता १५,१०० ची तयारी नाही, ९,६३५ ने सुरू करून दर एप्रिलला वाढवायचं असं ठरतंय. पण शेवटच्या तीन वर्षांचे ७ टक्के धरले तर ती सुरुवातही वर जाईल ना? हिशेबी, जमलं तर तो आकडा काढून द्याल?