मदत हवी आहे: टॉर्क काढताना j चं चिन्ह उलटं येतंय, डॉट-क्रॉसचा घोळ

बारावी_नाशिकरोड
r = 2i + 3j + k (मीटर), F = i − 2j + 3k (न्यूटन). टॉर्क काढला तर 11i + 5j − 7k येतो. उत्तरसूचीत 11i − 5j − 7k छापलंय. सूची चुकली आहे का? दुसरं म्हणजे कार्य आणि टॉर्क दोन्हींचं एकक न्यूटन-मीटर, मग एकीकडे डॉट आणि दुसरीकडे क्रॉस का? सीईटीत झटकन पडताळता येईल असं काही असेल तर सांगा.

फळा_खडू
सूची बरोबर आहे. निश्चयक उलगडताना मधल्या पदाआधी वजा असतो, तो राहिलाय: −j(2×3 − 1×1) = −5j. कंसातली वजाबाकी बरोबर करून बाहेरचा वजा विसरणं, ही यातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

पडताळणी डॉटनेच करायची. क्रॉसचं उत्तर r ला आणि F ला, दोघांनाही लंब असलंच पाहिजे, म्हणजे दोघांशीही डॉट शून्य. सूचीचं उत्तर घ्या: r शी 22 − 15 − 7 = 0, F शी 11 + 10 − 21 = 0. तुमचं घ्या: r शी 22 + 15 − 7 = 30. इथेच पकडलं गेलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

गोदाकाठ
एवढं कशाला? उत्तर नुसती संख्या हवी तर cos, दिशा हवी तर sin. प्रश्नात कोन दिलेला असतो, तो टाकायचा.

फळा_खडू
पहिलं वाक्य ठीक, दुसऱ्यात मार्क जातात. कोन दोन्ही सदिशांची शेपटं एका बिंदूवर आणून मोजायचा, आणि प्रश्नात दिलेला कोन तोच असेल असं नाही. फ्लक्स बघा: क्षेत्रफळाचा सदिश पृष्ठभागाला लंब असतो. कॉइलचं प्रतल चुंबकीय क्षेत्राशी 30° करत असेल तर सूत्रात 60° जातो, म्हणजे cos 60° = 0.5. थेट cos 30° घातलात तर 0.87, जवळपास पावणेदोन पट.

आता डॉट का, क्रॉस का. कार्यात बलाचा विस्थापनाच्या दिशेतला भागच कामाला येतो, म्हणून डॉट. टॉर्कमध्ये r ला लंब असलेला भागच फिरवतो, म्हणून क्रॉस. एकक सारखं दिसलं तरी टॉर्क कधी जूलमध्ये लिहू नका.

सातपूर_वर्कशॉप
माझाही प्रश्न टॉर्कचाच आहे. रेंचच्या तोंडाला 5 सेंमीचं क्रोफूट लावलं, तर 80 वर सेट केलं असताना नटला किती बसतो? रेंच हाताच्या पकडीपासून 40 सेंमी. इथे एक म्हणतो जास्त, दुसरा म्हणतो तेवढाच.

फळा_खडू
धागा वेगळा, पण गणित तेच, आणि दोघेही बरोबर असू शकतात. क्रोफूट रेंचच्या सरळ रेषेत पुढे काढलंत तर r 45 सेंमी होतो: 80 × 45 / 40 = 90 न्यूटन-मीटर. काटकोनात लावलंत तर r लांबीने किंचित वाढतो, पण त्याचा बलाला लंब असलेला भाग 40 सेंमीच राहतो, म्हणून 80. मात्र जोर दांड्याला काटकोनात आणि पकडीच्या मध्यावरच हवा.

बारावी_नाशिकरोड
धन्यवाद सर. मी F × r केलं असतं तरी डॉट शून्यच आला असता ना?

फळा_खडू
हो, या पडताळणीची मर्यादा तीच. −11i + 5j + 7k सुद्धा दोघांना लंबच आहे. परिमाण तपासूनही सापडणार नाही, कारण तेही तेवढंच, √195.

म्हणून एक घटक डोळ्यांनी बघायचा. +z वरून खाली बघा, फक्त x-y घटक घ्या: r (2, 3) कडे, F (1, −2) कडे. r कडून F कडे जवळच्या बाजूने वळताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे जावं लागतं, म्हणून k चं चिन्ह वजा. −7k जुळलं, म्हणजे क्रम बरोबर. इलेक्ट्रॉनवरचं चुंबकीय बल काढताना मात्र v × B ची दिशा काढून झाल्यावर प्रभाराच्या वजामुळे ती उलटवायची असते. बरेच जण ते विसरतात.

गोदाकाठ
फ्लक्सबद्दल एक शंका. 'कॉइल क्षेत्राशी 30° कोन करते' एवढंच छापलं असेल तर? प्रतल की अक्ष?

फळा_खडू
मी प्रतल धरेन. पण वाक्य खरंच मोघम आहे. पर्यायांत cos 30° चं उत्तरही असेल, तर नुसत्या वाक्यावरून ठरवता येणार नाही.

बारावी_नाशिकरोड
आमच्या सराव पेपरात नेमकं असंच वाक्य आहे आणि सूचीत अक्ष धरलाय.