मदत हवी आहे : प्रबंधाची प्रकरणं एकमेकांना जोडायची कशी?

तळ्याकाठी
प्रबंध 280 पानांचा, 7 प्रकरणं. मार्गदर्शक सरांचा शेरा आला : "प्रकरणं सुटी वाटतात, वाचकाला वाट दाखवा." म्हणजे सुरुवातीला प्रकरणाचा आढावा, दोन प्रकरणांमध्ये जोड-परिच्छेद आणि शेवटी समारोप. "या प्रकरणात प्रथम अमुक पाहू, नंतर तमुक पाहू" असं सातही ठिकाणी लिहिलं. वाचताना मलाच झोप आली. कोणाकडे नमुना असेल तर टाका. 15 तारखेला द्यायचं आहे.

वऱ्हाडी_मास्तर
ताई, विषय काय, भाषा कोणती, काहीच सांगितलं नाही. नमुना कशाचा टाकू?

प्रयोगशाळा
एवढं काहून टेन्शन घेऊन राहिल्या? उपशीर्षकांना 4.1, 4.2 असे क्रमांक द्या, अनुक्रमणिका सविस्तर करा. माझ्या रसायनशास्त्राच्या प्रबंधात एकही जोड-परिच्छेद नव्हता. तोंडी परीक्षा मजेत झाली.

जुना_ग्रंथपाल
क्रमांक द्यावेतच. पण 4.2 नंतर 4.3 आहे एवढंच त्यातून कळतं, ते तिथेच का आहे हे कळत नाही. तुमच्याकडे प्रयोगांचा क्रमच ते सांगत होता. ताई, विषय सांगा.

तळ्याकाठी
भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांकडे असलेले गावतलाव. प्रबंध मराठीत. पहिली तीन नेहमीची. 4 मध्ये कोहळी समाजाची तलावबांधणी आणि पाणीवाटप, 5 मध्ये मालगुजारी संपवणारा 1950 चा कायदा आणि नंतरची देखभाल, 6 मध्ये ढिवरांच्या मासेमारी संस्था, 7 समारोप.

बांधावरचा
आमच्याही गावच्या तलावात गाळच गाळ आहे. काढायला अर्ज कुठे करायचा? ताईंना माहीत असेल.

जुना_ग्रंथपाल
नमुना शोधू नका. कोऱ्या कागदावर प्रत्येक प्रकरणासाठी एकच वाक्य लिहा : हे संपल्यावर वाचकाला काय पटलं? "इतिहास पाहिला" चालणार नाही, ते काम झालं, निष्कर्ष नाही.

तळ्याकाठी
4 : पाणी वाटणाराच दुरुस्तीही करवून घेत होता, म्हणून तलाव टिकले.
5 : तलाव सरकारकडे गेले, पाण्याचे हक्क गावाकडे राहिले, गाळ कोणाचाच नाही.
6 : ढिवरांच्या संस्थांचा इतिहास पाहिला. इथे अडकले.

जुना_ग्रंथपाल
सरांना सुटं वाटलं ते सहावंच. तिथे वाक्य नाही, म्हणून जोड-परिच्छेद कितीही गोड लिहा, सांधा दिसणारच. गाळ भरल्यावर ढिवरांचं काय होतं?

तळ्याकाठी
पाणी उथळ. धान निसवायच्या वेळी शेतकरी तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायला सांगतात, ढिवर म्हणतात पाणी राहू द्या, मासळी मरते. माझ्या मुलाखतींमध्ये हे आहे, पण 6 च्या शेवटी, तीन ओळींत.

जुना_ग्रंथपाल
त्या तीन ओळी सहाव्याच्या तोंडाशी आणा. पाचव्याचा शेवट असा होईल :

"देखभालीची जबाबदारी विखुरली आणि तलाव उथळ झाले, हे इथवर दिसले. उरलेले पाणी कोणाचे, हे मात्र कायद्याच्या कागदांतून कळत नाही. धानाला शेवटचे पाणी लागते तेव्हाच मासळीलाही ते लागते. या भांडणाकडे पुढील प्रकरण ढिवरांच्या बाजूने पाहते."

काय मिळालं, काय सुटलं नाही, म्हणून पुढे काय, एवढंच. चार-पाच वाक्यांच्या वर नको. मग सहाव्याचा आढावा हेच पुन्हा सांगणार नाही, फक्त आतले टप्पे आणि त्यांच्या क्रमाचं कारण देईल. आढावे सगळ्यात शेवटी लिहा, आधी लिहिले की मजकूर बदलतो आणि आढावा जुनाच राहतो.

वऱ्हाडी_मास्तर
इथे माझं जमत नाही. परीक्षक एका बैठकीत 280 पानं वाचत नाहीत. सहावं उघडतील त्या दिवशी पाचव्याचा शेवट कोणाला आठवते? जोड सहाव्याच्या सुरुवातीलाच पाहिजे.

जुना_ग्रंथपाल
मग एक ओळ तिथे ठेवा. दोन्हीकडे अख्खा परिच्छेद मात्र नको.

वऱ्हाडी_मास्तर
एका ओळीत भागत नाही, मी तरी पाहिलं नाही.

तळ्याकाठी
आणि समारोप? सध्या प्रत्येक प्रकरणाचा एकेक पान सारांश आहे.

जुना_ग्रंथपाल
ती पानं काढा. पहिल्या प्रकरणातले संशोधनप्रश्न समोर ठेवा आणि एकेका प्रश्नाचं उत्तर 4, 5, 6 तिन्हीतून मिळून लिहा. 4 मध्ये दुरुस्ती आणि वाटप एकत्र होतं, 5 मध्ये ते तुटलं, 6 मध्ये त्या फटीत भांडण शिरलं. हे एकट्या प्रकरणात कुठेच नाही, समारोपातच येऊ शकते. नवा पुरावा मात्र तिथे आणू नका, लगेच पकडतात.

प्रयोगशाळा
वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स टाका, पानं आपोआप जुळतात.

तळ्याकाठी
वर्ड नाही. फाइल तालुक्याच्या डीटीपीवाल्या भाऊंकडे पेजमेकरमध्ये आहे, जुना फॉन्ट. पानामागे पैसे घेतात.

वऱ्हाडी_मास्तर
हे आता सांगता, बाप्पा! मग मजकुरात पान क्रमांक देऊच नका, "प्रकरण 5, भाग 3" असं लिहा. आणि सगळं हाताने लिहून एकदाच द्या.

बांधावरचा
अर्जाचं कोणी सांगितलं नाही.

तळ्याकाठी
सहावं उलटवायला घेतलं. भाऊंना फोन लावला, तिकडे सकाळपासून लाइन नाही.