मदत हवी आहे: माईकचा गेन वाढवला की इको, नॉईज सप्रेशन लावलं की शब्द तुटतात

मित्रांनो, गेममधल्या व्हॉइस चॅटचं सेटिंग काही केल्या जमत नाहीये, कोणीतरी नीट सांगा प्लीज. मी "डावीकडे दोघं आहेत" असं बोललो की टीमला फक्त "...वीकडे दोघं आहेत" एवढंच ऐकू जातं, म्हणजे पहिलंच अक्षर गायब, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

मी रेकॉर्ड करून पाहिलं. शांत बसलो की मीटर -55 डीबीच्या आसपास असतं, कीबोर्ड वाजला की -40, नेहमीच्या आवाजात बोललो की -18, पण जोरात ओरडलो की थेट 0 ला टेकतं आणि आवाज फाटतो. माईक बूस्ट +20 डीबी आहे, तो काढला तर फाटत नाही पण मग हळू बोललेलं सेन्सिटिव्हिटीच्या रेषेखालीच राहतं आणि माईक उघडतच नाही.

इकोचं कारण मात्र कळलंय, स्पीकर बंद करून हेडफोन लावला की लगेच जातो, म्हणजे स्पीकरचाच आवाज माईकमध्ये शिरतोय. पण तासन्‌तास हेडफोन लावून कान दुखतात हो, म्हणून स्पीकरवरच जमलं तर बरं.

आता मुख्य प्रश्न, नॉईज सप्रेशन साउंड ड्रायव्हरमध्येही चालू आहे आणि चॅट अ‍ॅपमध्येही, तर दोन्ही एकावर एक चालल्यामुळे शब्द खाल्ले जातात का? एक बंद करायचं तर कोणतं? आणि बूस्ट +10 वर आणून माईक तोंडाजवळ घेतला, सेन्सिटिव्हिटी ऑटोवरून काढून हाताने -35 ला ठेवली तर हळू बोललेलं जाईल का?